तीन संघ समान गुणांवर आले, तर पुढे कोण जाणार? गटातील क्रम लावण्याची रीत

चार संघांचा गट असला की प्रत्येक संघ इतर तिघांशी एकेकदा खेळतो आणि सहा सामन्यांत गट संपतो. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक आणि पराभवाला शून्य, एवढ्यावरच क्रम लागला तर पुढे काही करायचे उरत नाही. परंतु सामने इतके थोडे असतात, की दोन किंवा तीन संघ समान गुणांवर येणे ही फुटबॉलमधील नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी कोणता आकडा आधी पाहायचा आणि कोणता नंतर, हे स्पर्धेच्या नियमावलीत लिहिलेले असते. तो क्रम बदलला, तर तेच निकाल असूनही पुढे जाणारा संघ बदलतो. नवख्या गुणलेखकाची आणि प्रेक्षकाची खरी अडचण इथेच होते, कारण बेरीज-वजाबाकी सर्वांनाच येते, पण ती कोणत्या सामन्यांची करायची हे ठाऊक नसते.

भुसावळ-जळगाव परिसरातील उन्हाळी स्पर्धांमध्ये मी काही वर्षे गुणतक्ता लिहीत आलो आहे. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी मैदानावर पाय ठेवणे अशक्य असल्यामुळे सामने सकाळी सातला सुरू होतात आणि ऊन चढण्याआधी, म्हणजे दहाच्या आत, निकाल जाहीर करून सर्वांना सावलीला जायचे असते. अशाच एका स्पर्धेच्या नियमपत्रकात एकच ओळ होती: ‘समान गुण झाल्यास आपसातील निकाल व गोलफरक पाहिला जाईल.’ आधी काय पाहायचे, हे त्या ‘व’ने सांगितले नव्हते. तीन संघ सहा-सहा गुणांवर आले, मी एक क्रम जाहीर केला आणि बाद झालेल्या संघाचा कर्णधार टेबलाशी येऊन शांतपणे म्हणाला, “हाई कसं काय व्हयनं, भाऊ?” त्याला द्यायला माझ्यापाशी नीट उत्तर नव्हते, कारण पत्रकातील ओळीतून त्याचाही अर्थ निघत होता आणि माझाही.

त्या दिवसाचे निकाल इथे देत नाही. रीत स्पष्ट व्हावी म्हणून मी खालील गट मुद्दाम रचला आहे. गावे खरी, सामने कल्पित.

भुसावळ ३ – चाळीसगाव ०
चाळीसगाव २ – शिरपूर ०
शिरपूर २ – भुसावळ १
भुसावळ १ – शहादा ०
चाळीसगाव १ – शहादा ०
शिरपूर ५ – शहादा ०

पहिली पायरी: पूर्ण तक्ता आणि त्याची पडताळणी

प्रथम प्रत्येक संघाचे गुण, केलेले गोल आणि खाल्लेले गोल लिहावेत. भुसावळने दोन सामने जिंकले, एक हरला. गुण ६, गोल ५, खाल्ले २. चाळीसगावचेही गुण ६, गोल ३, खाल्ले ३. शिरपूरचे गुण ६, गोल ७, खाल्ले ३. शहाद्याचे गुण शून्य, गोल शून्य, खाल्ले ७. केलेल्या गोलांमधून खाल्लेले गोल वजा केले की गोलफरक मिळतो: भुसावळ अधिक ३, चाळीसगाव शून्य, शिरपूर अधिक ४ आणि शहादा उणे ७.

पुढे जाण्यापूर्वी एक पडताळणी अवश्य करावी. एका संघाने केलेला प्रत्येक गोल दुसऱ्या कोणी तरी खाल्लेला असतो, म्हणून सर्व संघांच्या गोलफरकांची बेरीज शून्यच आली पाहिजे. इथे ३, ०, ४ आणि उणे ७ मिळून शून्य येते. बेरीज शून्य आली नाही, तर एखादा निकाल एका संघाच्या ओळीत चढला आणि दुसऱ्याच्या ओळीत राहिला, असे समजावे. मात्र बेरीज शून्य आली म्हणजे तक्ता बरोबरच आहे असे नाही. दोन्ही ओळींत तोच चुकीचा निकाल लिहिला असेल, तर ही युक्ती त्याला पकडू शकत नाही. त्यासाठी पंचांच्या सहीचा सामनापत्रकच पुन्हा पाहावा लागतो.

शहादा चौथा, हे निश्चित झाले. उरलेले तिघे सहा गुणांवर आहेत आणि त्यांतील दोघेच पुढे जाणार आहेत.

दुसरी पायरी: नियमावलीत आधी काय लिहिले आहे ते वाचणे

जगभरात दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत गटातील सर्व सामन्यांचा गोलफरक आधी पाहतात, तो समान असेल तर एकूण केलेले गोल, आणि तेही समान असतील तरच आपसातील सामना. फिफाच्या २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांत हीच पद्धत होती. दुसऱ्या पद्धतीत समान गुणांवरील संघांचे आपसातील सामने आधी पाहतात आणि एकूण गोलफरक नंतर येतो. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत, म्हणजे युरो चषकात, ही पद्धत चालते, आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफानेही आपसातील सामन्यांना अग्रक्रम दिला आहे. त्यामुळे ‘विश्वचषकात असे असते’ एवढे सांगून वाद मिटत नाही. कोणत्या वर्षीचा विश्वचषक, हेही सांगावे लागते.

आपल्या गटाला पहिली पद्धत लावली, तर काम सोपे आहे. शिरपूर अधिक ४, भुसावळ अधिक ३, चाळीसगाव शून्य. शिरपूर पहिला, भुसावळ दुसरा, आणि शिरपूरला दोन गोलांनी हरवूनसुद्धा चाळीसगाव बाद. शिरपूरचा हा पहिला क्रमांक शहाद्यावरील पाच गोलांतून आला आहे, हे लक्षात घ्यावे. या पद्धतीवरचा आक्षेप नेमका तोच आहे: दुबळ्या संघाला कोणी किती झोडपले, त्यावर बलवान संघांचा क्रम ठरतो. तिच्या बाजूने असे म्हणता येते, की शहाद्याविरुद्ध गोल करण्याची संधी तिघांनाही सारखीच होती आणि तीन सामन्यांचा हिशोब दोन सामन्यांच्या हिशोबापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

तिसरी पायरी: छोटा तक्ता

दुसऱ्या पद्धतीत दोनच संघ समान गुणांवर असले, तर त्यांच्यातला सामना कोणी जिंकला एवढे पाहून काम भागते. तीन संघ असले की बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण आपल्या उदाहरणात भुसावळने चाळीसगावला हरवले, चाळीसगावने शिरपूरला आणि शिरपूरने भुसावळला. ‘कोणी कोणाला हरवले’ या प्रश्नाचे उत्तर गोल फिरून पुन्हा सुरुवातीला येते. अशा वेळी कोऱ्या कागदावर एक छोटा तक्ता मांडावा, ज्यात समान गुणांवरचे संघ आणि त्यांचे आपसातील सामने एवढेच असतील. शहाद्याविरुद्धचे तिन्ही सामने जणू झालेच नाहीत, असे समजावे.

सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात. घाईत माणूस मोठ्याच तक्त्यावर बोट ठेवून हिशोब करू लागतो आणि चौथ्या संघाविरुद्धचा एखादा गोल नकळत आत येतो. म्हणून छोटा तक्ता डोक्यात करू नये, कागदावर वेगळा लिहावा.

भुसावळ: चाळीसगावविरुद्ध ३–०, शिरपूरविरुद्ध १–२. गुण ३, गोल ४, खाल्ले २, फरक अधिक २.
चाळीसगाव: भुसावळविरुद्ध ०–३, शिरपूरविरुद्ध २–०. गुण ३, गोल २, खाल्ले ३, फरक उणे १.
शिरपूर: भुसावळविरुद्ध २–१, चाळीसगावविरुद्ध ०–२. गुण ३, गोल २, खाल्ले ३, फरक उणे १.

फरकांची बेरीज इथेही शून्य येते, म्हणजे मांडणी जुळली. आता क्रमाने पाहावे. आपसातील गुण तिघांचे सारखे, म्हणून त्यावर काही ठरत नाही. आपसातील गोलफरकात भुसावळ अधिक २ वर वेगळा झाला आणि गटात पहिला आला. उरलेले दोघे उणे १ वर सारखे. पुढचा निकष आपसातील सामन्यांत केलेल्या गोलांचा, तोही दोन-दोन असा सारखा. छोट्या तक्त्यात आता या दोघांना वेगळे करणारे काहीच उरले नाही.

चौथी पायरी: पुन्हा पहिल्यापासून, की पुढच्या निकषाकडे?

नियमावलीतील एक लहानसे वाक्य इथे निर्णायक ठरते, आणि स्थानिक स्पर्धांच्या पत्रकांत नेमके तेच वाक्य नसते. युरो चषकाच्या नियमानुसार आपसातील गुण, आपसातील गोलफरक आणि आपसातील गोल हे तिन्ही निकष लावूनही काही संघ सारखेच राहिले, तर तेच तीन निकष फक्त त्या उरलेल्या संघांमधील सामन्यांना पुन्हा लावायचे असतात. म्हणजे भुसावळ वेगळा झाल्यावर त्याचे सामनेही कागदावरून पुसायचे आणि चाळीसगाव-शिरपूर एवढाच सामना शिल्लक ठेवायचा. तो चाळीसगावने २–० असा जिंकला आहे. म्हणून भुसावळ पहिला, चाळीसगाव दुसरा आणि शिरपूर बाद.

हे वाक्य नियमपत्रकात नसेल, तर छोटा तक्ता एकदाच वापरून संपतो आणि हिशोब पुढच्या निकषाकडे, म्हणजे एकूण गोलफरकाकडे जातो. तिथे शिरपूर अधिक ४ आणि चाळीसगाव शून्य. आता भुसावळ पहिला, शिरपूर दुसरा आणि चाळीसगाव बाद.

तेच सहा निकाल, तेच आकडे, आणि तीन वेगवेगळे क्रम. एकूण गोलफरक आधी पाहिला तर शिरपूर पहिला. आपसातील सामने आधी पाहून निकष पुन्हा लावले तर तोच शिरपूर तिसरा. पुन्हा लावले नाहीत तर दुसरा. भुसावळ तिन्ही वेळा पुढे गेला. उरलेल्या दोघांपैकी कोणाला न्याय मिळाला, हे आकड्यांवरून सांगता येत नाही, आणि गुणलेखकाने ते ठरवूही नये; सामने सुरू होण्यापूर्वी जे छापले होते, तेच लावावे.

शेवटच्या सामन्यापूर्वीचा हिशोब

ही रीत हाताशी आली, की शेवटचा सामना सुरू होण्यापूर्वीच कोणाला काय हवे आहे हे काढता येते. त्याचे उत्तम उदाहरण २००४ च्या युरो चषकातील क गट आहे. स्वीडन, डेन्मार्क, इटली आणि बल्गेरिया या गटात शेवटच्या फेरीआधी इटली-डेन्मार्क ०–० आणि इटली-स्वीडन १–१ असे सुटले होते, तर बल्गेरियाला स्वीडनने ५–० आणि डेन्मार्कने २–० असे हरवले होते. शेवटच्या दिवशी, म्हणजे २२ जूनला, इटली बल्गेरियाशी आणि स्वीडन डेन्मार्कशी खेळणार होते.

समजा इटलीने बल्गेरियाला हरवले आणि दुसरा सामना बरोबरीत सुटला. तिघांचेही पाच गुण होतात, आणि छोट्या तक्त्यात तिन्ही सामने बरोबरीचे असल्यामुळे प्रत्येकाचे दोन गुण आणि गोलफरक शून्य राहतो. मग उरतात ते आपसात केलेले गोल. इटलीचा हा आकडा एकवरच थांबलेला होता. स्वीडनचा एक आणि डेन्मार्कचा शून्य होता. दुसरा सामना ०–० सुटला असता तर डेन्मार्क मागे पडला असता. १–१ सुटला असता तर स्वीडन दोन गोलांसह वेगळा होऊन इटली आणि डेन्मार्क एक-एकवर राहिले असते. त्यांचा आपसातील सामना ०–० असल्यामुळे पुढे एकूण गोलफरक पाहावा लागला असता आणि बल्गेरियावर किती गोल झाले याला अर्थ आला असता. पण २–२ किंवा त्याहून मोठी बरोबरी झाली, तर स्वीडन आणि डेन्मार्क दोघेही इटलीच्या पुढे जाणार होते, मग इटलीने बल्गेरियाला दहा गोलांनी हरवले तरी उपयोग नव्हता.

सामना २–२ असाच सुटला. इटलीने भरपाईच्या वेळेत गोल करून बल्गेरियाला २–१ हरवले आणि तरीही तो संघ घरी गेला. दोन शेजारी देशांनी संगनमत केले, असा आरोप तेव्हा झाला. निकाल ठरवून लावल्याचे काही सिद्ध झाले नाही. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की ‘२–२’ हा आकडा सामन्याआधीच हिशोबातून बाहेर पडला होता, आणि तो काढायला वरच्या तीन पायऱ्यांपेक्षा अधिक काही लागत नाही. गटातील शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवतात, ते दुसरीकडचा निकाल पाहून कोणाला आपला खेळ बेतता येऊ नये म्हणून. पण अशा स्थितीत तो उपायही अपुरा पडतो, कारण हवा असलेला आकडा आपल्याच सामन्यात मिळणार असतो.

सगळेच सारखे निघाले तर

इतके करूनही दोन संघ वेगळे होत नाहीत, असे क्वचित घडते. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण ४–४, गोलफरक शून्य, केलेले गोल चार-चार, आणि त्यांचा आपसातील सामनाही २–२ असा सुटलेला. त्या स्पर्धेत पुढचा निकष शिस्तीचा होता. पिवळ्या कार्डाला एक गुण वजा, दोन पिवळ्या कार्डांतून आलेल्या लाल कार्डाला तीन, थेट लाल कार्डाला चार आणि पिवळ्यानंतर थेट लाल मिळाल्यास पाच गुण वजा होत. जपानला चार पिवळी कार्डे होती आणि सेनेगलला सहा. जपान पुढे गेला. पोलंडविरुद्ध ०–१ ने मागे असताना जपानने अखेरची काही मिनिटे चेंडू आपसात फिरवत घालवली, ती याच हिशोबावर. त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर सेनेगलने कोलंबियाशी बरोबरी साधली असती, तर जपान बाद झाला असता.

शिस्तीचा निकष ठेवायचा असेल, तर कार्डांची नोंद पहिल्या सामन्यापासून तितक्याच काळजीने ठेवावी लागते, आणि गावाकडच्या स्पर्धेत ती सहसा नसते. नोंद नसेल तर चिठ्ठी टाकणे अधिक प्रामाणिक. त्यात कमीपणा नाही. १९९० च्या विश्वचषकात आयर्लंड आणि नेदरलँड्स यांच्यातील दुसरा आणि तिसरा क्रमांक चिठ्ठीनेच ठरला होता.

न खेळलेला सामना

आमच्याकडे एखादा संघ तिसऱ्या सामन्याला येतच नाही, असे घडते. गाडी बंद पडते, लग्नाची तिथी येते, किंवा दोन पराभवांनंतर पोरांचा उत्साह संपतो. वर शहाद्याचा संघ शिरपूरविरुद्ध आलाच नसता, तर काय? न आलेल्या संघाविरुद्ध ३–० असा निकाल धरण्याची प्रथा आहे. तो धरला, तर शिरपूरचा गोलफरक अधिक ४ ऐवजी अधिक २ होतो आणि पहिल्या पद्धतीत भुसावळ त्याच्या पुढे जातो. माघार घेतलेल्या संघाचे सर्वच निकाल रद्द करायचे ठरवले, तर मोठा तक्ता आणि छोटा तक्ता एकच होतात. मग चाळीसगाव-शिरपूर यांच्यासाठी एकूण गोलफरक हा निकषच निरुपयोगी ठरतो, आणि निकष पुन्हा लावण्याचे वाक्य पत्रकात नसेल तर पुढच्याच पायरीवर चिठ्ठी टाकावी लागते. म्हणून यातले काय करायचे तेही आधीच लिहून ठेवावे.

त्या सकाळच्या वादानंतर मी ज्या स्पर्धेचे काम घेतो, तिच्या पत्रकात पुढील मजकूर घालायला सांगतो. युरो चषकाचीच पद्धत का, असे कोणी विचारले, तर आमच्या गटांत एखादा तरी संघ फारच कच्चा असतो आणि त्याच्यावरच्या गोलांवर स्पर्धा ठरू नये असे मला वाटते, एवढेच कारण आहे. एकूण गोलफरक आधी पाहण्याची पद्धत निवडणाऱ्यांनी सर्व सामन्यांचा गोलफरक आणि केलेले गोल हे निकष आपसातील निकषांच्या आधी घ्यावेत, ‘पुन्हा’चे वाक्य आपसातील निकषांमागे ठेवावे आणि चिठ्ठी शेवटीच राहू द्यावी.

‘दोन किंवा अधिक संघांचे गुण समान झाल्यास प्रथम त्या संघांच्या आपसातील सामन्यांतील गुण, नंतर त्याच सामन्यांतील गोलफरक आणि नंतर त्याच सामन्यांत केलेले गोल या क्रमाने पाहिले जाईल. त्यानंतरही काही संघ समान राहिल्यास हेच तीन निकष फक्त त्या संघांच्या आपसातील सामन्यांना पुन्हा लावले जातील. तरीही क्रम न ठरल्यास गटातील सर्व सामन्यांचा गोलफरक, त्यानंतर सर्व सामन्यांत केलेले गोल आणि शेवटी दोन्ही कर्णधारांसमक्ष चिठ्ठी, असा क्रम राहील. सामन्याला न आलेल्या संघाविरुद्ध ३–० असा निकाल धरला जाईल.’

शेवटच्या सामन्यानंतर मी छोटा तक्ता फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहितो, कोणत्या सामन्यांचे आकडे त्यात धरले ते बाजूला मांडतो आणि तिन्ही कर्णधारांना तो स्वतः जुळवून पाहायला दहा मिनिटे देतो. निकाल त्यानंतर जाहीर करतो.